‘हे खरे आहे काय?’ आणि एका विद्यार्थिनीचं पत्र

महाराष्ट्र विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची यादी कधी हातात आली, तर दोन पानं उलटताच तिचा साचा डोळ्यांत भरतो. अमुक विभागाचे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग एखादी वस्तुस्थिती सांगून ‘हे खरे आहे काय’. त्याखाली ‘असल्यास’ चौकशी केली काय, त्यात काय आढळलं, कोणती कार्यवाही केली. आणि शेवटी हटकून येणारं ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही ठरावीक असतात. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की खालच्या सगळ्या भागांसमोर एकच ओळ उरते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

म्हणजे सगळा भार पहिल्या वाक्यावर. ती तारीख, तो आकडा, त्या तालुक्याचं किंवा योजनेचं नेमकं नाव आमदाराला आणून देतं कोण? कधी वर्तमानपत्राचं कात्रण, कधी मतदारसंघातून आलेलं निवेदन, कधी एखाद्या संघटनेचा कार्यकर्ता. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. त्यांतल्या फार थोड्यांकडे निव्वळ अभ्यासासाठी ठेवलेला माणूस असतो. असतो तो स्वीय सहायक, सगळ्यांच्या तोंडी ‘पीए’. सकाळी तो कुणाला तरी रुग्णालयात खाट मिळावी म्हणून फोन लावतो, दुपारी शिफारसपत्रं काढतो, संध्याकाळी लग्नं आणि उद्घाटनांची यादी जुळवतो, आणि अधिवेशन जवळ आलं की रात्री प्रश्न लिहितो. सार्वजनिक धोरण शिकणाऱ्या मुलीचं ‘आपल्या कार्यालयात संशोधन प्रशिक्षणार्थी म्हणून काम करायचं आहे’ असं पत्र येतं ते याच माणसाच्या टेबलावर. वर नाव आमदारांचं असलं तरी पहिल्यांदा वाचणारा तोच असतो.

अशा पत्रांचे कच्चे खर्डे माझ्याकडे अधूनमधून वाचायला येतात. मुलं हुशार असतात, विषयांची नावं भारदस्त असतात, आणि तरीही बहुतेक खर्डे वाचून त्या पीएला या मुलीचं नेमकं काय करायचं ते कळणार नाही असं वाटतं. पत्रात अभ्यासक्रम लिहिलेला असतो, पण त्या अभ्यासक्रमाचा प्रश्नाच्या पहिल्या वाक्याशी काही संबंध लागत नाही. तो कसा लावायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

दिल्लीत या कामासाठी एक रीतसर दार आहे, ते आधी सांगतो. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ मध्ये सुरू झाली. संसदेत येणाऱ्या विधेयकांचे सोप्या भाषेतले सारांश खासदारांना देणं हे तिचं मूळ काम. २०१० पासून ती ‘लॅम्प’ नावाची पाठ्यवृत्ती चालवते. पदवीधर तरुणांची निवड होते, प्रत्येकाला एकेका खासदाराबरोबर जोडून दिलं जातं आणि पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटापर्यंत तो तरुण त्या खासदारासाठी प्रश्न, भाषणांचे मुद्दे, अशासकीय विधेयकांचे मसुदे अशी कामं करतो. तिथे अर्जाचा नमुना आहे, निबंध आहे, मुलाखत आहे, मानधन आहे. शिवाय खासदाराला कार्यालयाच्या खर्चाचा भत्ता मिळतो. २०२५ मध्ये तो दरमहा ७५ हजार रुपये झाला आणि त्यातले ५० हजार संगणक जाणणाऱ्या मदतनीसाच्या पगारासाठी आहेत. एवढ्या पैशांत संशोधकांचा ताफा उभा राहत नाही, हे उघड आहे. पण दार आहे.

आमदाराच्या कार्यालयाला असं दार नाही. मुंबईच्या विधान भवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. पण तिथे मुलं ऐकायला जातात, काम करायला नव्हे. एखाद्या आमदाराबरोबर दोन महिने काम करायचं तर स्वतःहून पत्र लिहावं लागतं. ना नमुना, ना शेवटची तारीख, ना निवड समिती. म्हणून त्या पत्राला महत्त्व.

ही रीत काही परदेशातून परवा आलेली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते म्हणजे देश सुखी आहे, हा सरकारचा दावा त्यांनी आकड्यांनीच खोडून काढला. त्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी होते, सरकारी शाळेत शिक्षकी करणारे आणि रानड्यांच्या परंपरेत वाढलेले अर्थशास्त्रज्ञ. सभागृहात उभे राहिले गोखले, सरकारी अहवाल चाळून तक्ते लावण्यात हात होता जोशांचा. आमदारासाठी संशोधन करणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. याच गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. आपण ज्या पत्राकडे वळणार आहोत, त्याचा विषयही शाळाच आहे.

आता पत्र. खाली येणारा मजकूर कुणा एका विद्यार्थिनीचा नाही. पाहिलेल्या खर्ड्यांवरून मी तो रचला आहे आणि त्यातले शाळांचे आकडेही नमुन्यादाखल आहेत. पहिला खर्डा साधारण असा असतो :

‘मी सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मला धोरणनिर्मितीत आणि लोकशाही प्रक्रियेत अत्यंत रस आहे. माझ्या अभ्यासक्रमात सार्वजनिक वित्त, धोरण विश्लेषण, कायदा आणि प्रशासन, संशोधन पद्धती हे विषय आहेत व मला त्यांत प्रथम श्रेणी मिळाली आहे. आपल्यासारख्या अभ्यासू लोकप्रतिनिधीच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन.’

यात खोटं काही नाही. पण हेच पत्र राज्यातल्या कुठल्याही आमदाराला पाठवता येईल, आणि तेच त्याचं दुखणं आहे. आमदार कोणत्या सभागृहाचे, कोणत्या मतदारसंघातून आले, गेल्या अधिवेशनात त्यांनी काय विचारलं, यांतलं काहीच पत्र लिहिणारीला माहीत नसावं असं वाटतं. विषयांची नावं आहेत, पण त्या विषयांत तिनं हातानं काय केलं ते नाही. ‘सार्वजनिक वित्तात प्रथम श्रेणी’ वाचून पीएला हे कळत नाही की ही मुलगी अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडून हवा तो आकडा दहा मिनिटांत काढेल, की तिला आधी पुस्तक कुठलं ते सांगावं लागेल.

पहिली दुरुस्ती पत्राच्या आधीची आहे : लिहायचं कुणाला. आपल्या विद्यार्थिनीनं एका सत्रात शिक्षण हक्क कायद्यावर निबंध लिहिला आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम १२ (१) (सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. त्या मुलांची फी पालक देत नाहीत, सरकार शाळेला भरून देतं. या परताव्याला सरकारी कागदात शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. सरकारी शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जी रक्कम कमी ती द्यायची, असं कायदा सांगतो. हा विषय कुठल्याही आमदाराच्या कानावर आलेला असतो, पण विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांतून निवडून येणारे सात सदस्य आहेत. त्यांचे मतदारच शिक्षक. शाळेकडे पैसे आले की नाही, हा त्यांच्या दारात रोज येणारा प्रश्न. पत्र तिथे गेलं तर ते निम्मं वाचलं गेल्यासारखंच आहे. निवड करताना सदस्यांचे आधीचे प्रश्न विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधून वाचावेत. एक संध्याकाळ जाते, पण पत्राचं पहिलं वाक्य तिथूनच मिळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या तोंडावर देता येत नाही. ती कित्येक आठवडे आधी द्यावी लागते, कारण विभागाला खालपासून माहिती मागवून उत्तर तयार करायचं असतं. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात धरलं तर प्रश्नांची घाई त्याआधीच्या महिन्यांत असते. नोव्हेंबरच्या शेवटी ‘मला काम द्या’ म्हणून गेलेल्या मुलीला पास मिळतो, प्रेक्षक सज्जात बसायला मिळतं, आणि संशोधन नावाचं जे काम तिला करायचं होतं ते होऊन गेलेलं असतं.

हे ध्यानात घेऊन केलेला दुसरा खर्डा असा :

‘मा. ………, सदस्य, महाराष्ट्र विधान परिषद.
विषय : हिवाळी अधिवेशनापूर्वी आठ आठवडे संशोधन प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एम. ए. (सार्वजनिक धोरण) च्या दुसऱ्या वर्षात शिकते. पंचवीस टक्के प्रवेशांच्या शुल्क प्रतिपूर्तीबाबत आपण मागील अधिवेशनात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी वाचलं. प्रतिपूर्तीची कार्यवाही सुरू आहे, एवढंच त्यात म्हटलं आहे. ती कोणत्या टप्प्यावर थांबली आहे, हे त्यातून समजत नाही.

सार्वजनिक वित्त या विषयासाठी मी याच प्रतिपूर्तीवर निबंध लिहिला. त्यासाठी आमच्या तालुक्यातल्या अकरा खासगी विनाअनुदानित शाळांत गेले. नऊ शाळांनी २०२२-२३ या वर्षाचे प्रस्ताव आणि मिळालेल्या रकमा यांच्या नोंदी दाखवल्या. दोन शाळांनी नकार दिला. नऊपैकी सहा शाळांना त्या वर्षाची पूर्ण रक्कम मिळाली नव्हती. त्यांतल्या चार शाळांना प्रस्तावात त्रुटी असल्याचं गटशिक्षणाधिकारी कार्यालयानं कळवलं होतं. उरलेल्या दोन शाळांचे प्रस्ताव मंजूर होऊन पुढे गेले होते, पण निधी आला नव्हता. नऊ शाळांवरून जिल्ह्याबद्दल किंवा राज्याबद्दल काही सांगता येणार नाही. विलंबाची कारणं दोन आहेत आणि ती प्रश्नात वेगवेगळी विचारावी लागतील, एवढं मात्र दिसतं.

अर्थसंकल्पातले मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे आकडे काढून मी एकमेकांशी ताडून पाहू शकते. अधिनियम, नियम आणि शासन निर्णय शोधून त्यांचं एका पानाचं टिपण मराठीत करू शकते. सभागृहाच्या कामाचा अनुभव मला नाही.

१५ सप्टेंबरपासून आठ आठवडे, आठवड्यातले चार दिवस मी येऊ शकेन. सोबत एका पानाचं टिपण आणि प्रश्नाचा मसुदा जोडला आहे. आपण माझी निवड केली नाही, तरी दोन्ही आपल्या कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.

आपली विश्वासू,’

या पत्रातलं ‘दोन शाळांनी नकार दिला’ हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एक विद्यार्थिनी म्हणाली, असं लिहिलं तर अभ्यास अपुरा वाटेल ना? वाटू दे. सभागृहात सदस्य उभे राहून ‘अकरा शाळांत हीच स्थिती आहे’ म्हणाले आणि मंत्र्यांच्या हातात त्या दोन शाळांना पूर्ण पैसे दिल्याचा कागद असला, तर हसू सदस्यांचं होतं आणि ते ज्यांनी माहिती दिली त्यांना विसरत नाहीत. संशोधन पद्धतीच्या तासाला नमुन्याच्या मर्यादांवर जे शिकवतात, ते इथे या एका वाक्यात उतरलं आहे. विषयाचं नाव पत्रात आलेलंच नाही आणि ते यायची गरजही नाही.

‘सभागृहाच्या कामाचा अनुभव मला नाही’ हेही तसंच. पीएला अनुभवी माणूस नको असतो. अनुभव त्याच्याकडे आहे. त्याला हवा असतो तो कागद शोधायला वेळ असलेला माणूस.

आता जोडलेला मसुदा पाहू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. सरावाशिवाय लिहिलेला प्रश्न असा होतो : ‘राज्य शासनाने खासगी शाळांची प्रतिपूर्ती अनेक वर्षे थकवल्याने हजारो गरीब मुलांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?’ यात किती भगदाडं आहेत बघा. ‘अनेक वर्षे’ म्हणजे किती? काही रक्कम दिली असेल तर ‘थकवली’ म्हणता येईल का? ‘अन्याय’ हे मत झालं, आणि प्रश्नात मत किंवा युक्तिवाद चालत नाही; तिथेच तो नाकारला जाऊ शकतो. समजा स्वीकारला गेला, तरी विभागाचा कारकून एका ओळीत मोकळा होतो : हे खरे नाही. आणि खाली तीनदा, प्रश्न उद्भवत नाही.

तोच प्रश्न नीट बांधला तर असा होतो :

‘सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) ……… जिल्ह्यातील ……… तालुक्यात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२ (१) (सी) अन्वये प्रवेश दिलेल्या काही शाळांना सन २०२२-२३ या वर्षाच्या शुल्क प्रतिपूर्तीची पूर्ण रक्कम अद्याप मिळाली नसल्याचे माहे जुलै मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर वर्षाचे किती शाळांचे प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी व संचालनालय या प्रत्येक स्तरावर प्रलंबित आहेत;
(३) त्रुटींमुळे परत केलेले प्रस्ताव किती व निधीअभावी थांबलेले प्रस्ताव किती;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

‘काही शाळांना’ हे शब्द बिनमहत्त्वाचे दिसतात, पण त्यांच्यामुळे ‘हे खरे नाही’ म्हणणं अवघड होतं : दोन शाळा जरी उरल्या असतील तरी विधान खरंच ठरतं. ‘मध्ये वा त्यादरम्यान’ हा तर मुरलेल्या पीएंचा जुना हातखंडा आहे. ‘जुलैमध्ये’ एवढंच लिहिलं आणि बाब ऑगस्टच्या दोन तारखेची निघाली, तर केवळ तारखेवर बोट ठेवून नकार देता येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात विद्यार्थिनीनं तालुक्यात फिरून शोधलेली गोष्ट आहे. पैसे अडतात ते एकाच जागी नाही. शाळा प्रस्ताव करते, गटशिक्षणाधिकारी पडताळतो, तो जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडे. कागदात चूक असेल तर शाळेला मदत हवी. तिजोरीतून निधीच सुटला नसेल तर तो पुरवणी मागण्यांच्या चर्चेचा विषय. एकाच ‘थकबाकी’ शब्दाखाली दोन्ही झाकली जातात. हा फरक पीएला ठाऊक असेलच असं नाही, कारण शाळाशाळांत जाऊन नोंदी पाहायला त्याला सवड कुठली.

तारांकित प्रश्नावर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. यादीतले बरेच प्रश्न त्या तासात पुकारलेच जात नाहीत. त्यांची उत्तरं लेखी येतात. पण ज्या दिवशी प्रश्न पुकारला जातो, त्या दिवशी प्रशिक्षणार्थीची खरी किंमत कळते. मंत्री म्हणतात, शाळांचे प्रस्ताव सदोष होते. सदस्यांच्या हातात एक पान असतं : चार सदोष, दोन निर्दोष, त्या दोघांच्या मंजुरीच्या तारखा. उपप्रश्न आपोआप तयार होतो. आठ आठवड्यांच्या कामाचा ऐवज अनेकदा हाच असतो, एक पान आणि त्यावरचे तीन मुद्दे. वीस पानांचा निबंध सभागृहात कुणी उघडत नाही.

कायदा आणि प्रशासन या विषयाचा उल्लेख पत्रात एका वाक्यात आला. त्याला इतकं वजन का, हे याच कायद्याच्या अलीकडच्या प्रकरणावरून समजेल. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं अधिसूचना काढून नियमांत बदल केला : एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांची अट लागू राहणार नाही. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. केंद्राच्या अधिनियमात अशी सूट नाही. राज्यानं नियमांच्या वाटेनं ती आणली होती, आणि नियम अधिनियमाच्या विरोधात जाऊ शकत नाही.

या प्रकरणात ‘सरकारनं कायदा बदलला’ असं लिहिणारा विद्यार्थी आमदाराला अडचणीत आणतो. कायदा बदलला नव्हता. बदलला असता तर तो विधेयक म्हणून सभागृहात आला असता, चर्चा झाली असती, मतदान झालं असतं. नियम सरकार स्वतः करतं आणि नंतर विधिमंडळापुढे ठेवतं. याच अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये तशी अट आहे. म्हणजे सदस्यांना हत्यार वेगळं उचलावं लागतं. त्यात आणखी एक पेच. याचिका दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंत विषय न्यायालयापुढे होता, आणि न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न सहसा स्वीकारला जात नाही. सूट योग्य की अयोग्य, हे तेव्हा विचारून उपयोग नव्हता. ‘नियम बदलण्यापूर्वी किती शाळांचं सर्वेक्षण केलं?’ असं काहीतरी वस्तुस्थितीचं विचारायला जागा शोधता आली असती, तीही जपून. हे बारकावे वर्गात शिकलेल्या मुलीनं ते पत्रात मिरवू नयेत. ‘अधिनियम, नियम आणि शासन निर्णय’ असे तीन शब्द वेगळे आणि योग्य क्रमानं लिहिले, की जाणकार पीए ओळखतो.

अर्थसंकल्पाच्या आकड्यांत मुलं सगळ्यांत जास्त घसरतात. मार्चमध्ये अर्थमंत्री एखाद्या योजनेला अमुक कोटी ‘दिले’ असं आपण बातमीत वाचतो. तो असतो अंदाज. वर्षाच्या अखेरीस सुधारित अंदाज येतो, आणि खरोखर किती खर्च झाला ते त्याही पुढच्या वर्षीच्या पुस्तकात कळतं. पत्रात किंवा टिपणात मूळ अंदाज लिहून त्याला ‘खर्च’ म्हटलं, तर ते टिपण तिथेच संपलं. राज्याच्या वित्त विभागाची ‘बीम्स’ नावाची संगणकीय प्रणाली आहे. कोणत्या लेखाशीर्षाखाली किती निधी वाटला गेला आणि किती खर्ची पडला, ते तिथे वर्षभर पाहता येतं. शालेय शिक्षणाचा मोठा खर्च २२०२ या मुख्य लेखाशीर्षाखाली असतो. हा क्रमांक आणि आकडा कोणत्या तारखेला पाहिला ती तारीख टिपणात दिली, की कुणालाही तो पुन्हा तपासता येतो. तारीख नसलेला आकडा पीए वापरत नाही, आणि योग्यच करतो.

भाषेचं एक. सार्वजनिक धोरणाचं शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होतं, म्हणून मुलं पत्रही इंग्रजीत लिहितात. दिल्लीसाठी ते ठीक. मुंबईत आणि नागपुरात प्रश्न मराठीत जातो, उत्तर मराठीत येतं, शासन निर्णय मराठीत असतात. मराठीत लिहिलेलं टिपण पीएला तसंच्या तसं वापरता येतं.

राजकारणाचा मुद्दा मुलं फार हळू आवाजात विचारतात : पत्रात पक्षाबद्दल लिहावं का? आमदाराच्या विचारसरणीची स्तुती करू नये, विरोधी पक्षावर टीका तर मुळीच नाही. प्रशिक्षणार्थीनं पक्षासाठी प्रचार करावा अशी अपेक्षा काही कार्यालयांत असते, काहींत नसते. ते भेटीत उघड विचारून घ्यावं. एखाद्या विद्यार्थी संघटनेत पद असेल तर मात्र ते आधीच सांगावं. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर कार्यालयातले कागद तुमच्या हातात द्यायला कुणी धजत नाही.

पत्र वाचून पीएचा फोन आला तर तो सहसा दोन-तीन गोष्टी विचारतो. त्या नऊ शाळांची नावं आहेत का? नोंदींची छायाचित्रं आहेत का? मुख्याध्यापक नाव द्यायला तयार आहेत का? तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं, कारण शाळांना त्याच कार्यालयाकडून पुढच्या वर्षीचे पैसे घ्यायचे असतात. हे आधीच ठरवलेलं बरं. नावं न देण्याच्या अटीवर माहिती मिळाली असेल, तर ती अट आमदारापुढेही मोडायची नाही. ज्या विद्यार्थिनीनं हे फोनवर ठामपणे सांगितलं, तिचं काम गेलं असं माझ्या पाहण्यात नाही. फार तर त्या शाळांची नावं सोडून, माहितीच्या अधिकारात तीच माहिती गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून मागवायचं पहिलं काम तिच्याकडे येतं. अर्ज केल्यापासून उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात टाकायला हवा.

पहिल्या भेटीत पैशाचं आणि कागदांचं बोलून घ्यावं. आमदारांच्या कार्यालयातून मानधन मिळेलच असं नाही. प्रवासखर्च तरी मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको, कारण चार दिवस मुंबईत येणं-जाणं, राहणं सगळ्यांना परवडत नाही आणि परवडतं त्यांनाच हे काम मिळतं ही तक्रार खरी आहे. महाविद्यालयाला प्रमाणपत्र लागत असेल तर त्यावर कामाचे दिवस आणि कामाचं स्वरूप लिहून मिळेल का, तेही तेव्हाच. आणि कार्यालयात पाहिलेली निवेदनं, पत्रं, विभागाची टिपणं आपल्या प्रबंधात वापरता येतील का, हे लेखी ठरवून घ्यावं. सभागृहाच्या पटलावर आलेलं उत्तर सार्वजनिक असतं, ते खुशाल वापरावं. मतदारसंघातल्या कुणी आमदाराला मुलाच्या प्रवेशासाठी लिहिलेली चिठ्ठी मात्र त्या दोघांमधली असते, तिच्यावरून प्रबंधात एक ओळही जाऊ देऊ नये.